पुन्हा विचारण्याआधी किती थांबायचं?

मे २००३. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या नेटवर्कवर एकाएकी प्रचंड रहदारी सुरू झाली. सगळी रहदारी एकाच सर्व्हरकडे धावत होती, आणि तो सर्व्हर कुणाच्या डोळ्यांवर यावा असा मुळीच नव्हता. त्याचं काम एकच: कुणी विचारलं तर अचूक वेळ सांगायची. जगभरातली यंत्रं आपली घड्याळं जुळवून घेण्यासाठी असे सर्व्हर वापरतात. आता या सर्व्हरला दर सेकंदाला हजारो जण वेळ विचारत होते. हा मुद्दाम केलेला हल्ला असावा, असंच कुणालाही वाटलं असतं. विद्यापीठाच्या तंत्रज्ञांनी विशिष्ट खुणेची ती रहदारी सीमेवरच अडवली आणि जोर ओसरण्याची वाट पाहिली.

जोर ओसरला नाही, उलट वाढला. जूनमध्ये तो सेकंदाला अडीच लाख पॅकेटांवर गेला होता.

विद्यापीठातले डेव्ह प्लॉन्का यांनी माग काढला, तेव्हा कारण सापडलं ते लोकांच्या घरांमधल्या राउटरमध्ये. नेटगिअर कंपनीच्या काही मॉडेलांमध्ये या एकाच सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता. अशी सुमारे सात लाख यंत्रं तयार झाली होती. पण खरा घोळ पत्त्याच्या पुढच्या ओळीत होता. राउटरने वेळ विचारायची. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर एका सेकंदाने पुन्हा विचारायचं. तरी नाही आलं तर आणखी एका सेकंदाने, आणि उत्तर मिळेपर्यंत असंच. त्यामुळे विद्यापीठाने दार लावून घेताच प्रत्येक राउटर सेकंदागणिक दार ठोठावू लागला. उत्तर मिळालं असतं तर जी यंत्रं गप्प बसली असती, ती आता कधीच गप्प बसणार नव्हती. पुढे कंपनीने चूक दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर काढलं आणि विद्यापीठाला पावणेचार लाख डॉलर दिले. मात्र लोकांच्या कपाटांवर ठेवलेले जुने राउटर पुढची कितीतरी वर्षं विचारतच राहिले.

ठरावीक वेळाने दुसऱ्या यंत्राशी आपली माहिती जुळवून घेणं, म्हणजे सिंक, हे काम तेव्हा घड्याळापुरतं दिसत होतं. आज दुकानातला माल, बँकेचे व्यवहार, दवाखान्यातल्या अपॉइंटमेंट, कुरिअरचा ठावठिकाणा, सगळंच कुठल्यातरी सर्व्हरशी दर पाच-पंधरा मिनिटांनी जुळवलं जातं. हे ज्या खिडकीतून चालतं तिला एपीआय म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक एपीआयवर आता मर्यादा घातलेली असते: एका मिनिटात किंवा एका तासात अमुक इतक्याच विनंत्या. हीच रेट लिमिट. ती ओलांडली की सर्व्हर `429` हा क्रमांक परत पाठवतो. इंटरनेटच्या नियमावलीत हा क्रमांक २०१२ साली आला, आणि त्याचा अर्थ सरळ आहे: तुमच्याकडून फार विनंत्या आल्या, जरा थांबा.

प्रश्न एवढाच उरतो, की किती थांबायचं?

पहिलं उत्तर फार जुनं आहे. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेट बांधलं. त्यात अनेक संगणक एकाच तारेवर बोलत. दोघे एकदम बोलले की संदेश एकमेकांवर आदळून वाया जात. आदळआपट झाली की दोघांनीही थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, हे उघड होतं. पण दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा एकदमच बोलणार. फोनवर बोलता बोलता लाइन कटली आणि दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना फोन लावला, तर दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येतं. दोघेही दहा सेकंद थांबून पुन्हा लावतात, आणि पुन्हा व्यस्त. सुटका तेव्हाच होते, जेव्हा एकजण दुसऱ्यापेक्षा वेगळा वेळ थांबतो.

म्हणून इथरनेटने दोन गोष्टी एकत्र बांधल्या. पहिल्या धडकेनंतर संगणक मनाशी ० किंवा १ यांपैकी एक आकडा काढतो आणि तितके छोटे कालखंड थांबतो. दुसऱ्या धडकेनंतर ० ते ३, तिसऱ्यानंतर ० ते ७. दर वेळी पल्ला दुप्पट, आणि त्या पल्ल्यातला नेमका आकडा नशिबावर. दहा धडकांनंतर पल्ला १०२३ वर थांबतो, आणि सोळाव्यांदाही आदळलं तर संगणक हात टेकतो व वर कळवतो की जमलं नाही. पल्ला दुप्पट करत जाण्याला एक्सपोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात आणि त्यात मिसळलेल्या नशिबाला जिटर. गंमत अशी, की पुढे अनेकांनी यातला पहिला भाग उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला.

दुप्पट करण्याचं कारण समजायला सोपं आहे. समोरच्या सर्व्हरवर किती गर्दी आहे हे विनंती करणाऱ्याला दिसत नाही. एकदा नकार आला तर कदाचित क्षणभराची अडचण असेल, म्हणून एक सेकंद थांबून पाहायचं. पुन्हा नकार आला, तर अडचण वाटली त्यापेक्षा मोठी आहे, दोन सेकंद. मग चार, आठ, सोळा. प्रत्येक नकार ही गर्दीबद्दल मिळालेली थोडी माहिती आहे आणि तिच्यानुसार पाऊल मागे घेतलं जातं. विस्कॉन्सिनला धडका देणाऱ्या राउटरांमध्ये नेमकं हेच नव्हतं. त्यांना शंभरावा नकारही पहिल्यासारखाच होता.

पण शंभर यंत्रांना एकाच क्षणी नकार मिळाला आणि ती सगळी काटेकोरपणे एक, दोन, चार, आठ सेकंदांनी परत आली, तर गर्दी मोडत नाही. ती फक्त लांब लांब अंतरावर पुन्हा जमते, आणि मधल्या काळात सर्व्हर रिकामा बसतो. ॲमेझॉनचे अभियंते मार्क ब्रुकर यांनी २०१५ साली नेमकं हे मोजून दाखवलं. एकाच गोष्टीसाठी झगडणारी अनेक यंत्रं त्यांनी संगणकावर उभी केली आणि त्यांना थांबण्याचे वेगवेगळे नियम लावून पाहिले. नुसत्या दुप्पट थांबण्याने आलेखावर विनंत्यांचे उंच डोंगर दिसत राहिले. शून्यापासून त्या पल्ल्यापर्यंत कुठलाही वेळ चिठ्ठी टाकून निवडायचा, हा नियम लावताच डोंगर सपाट झाले, आणि शंभर यंत्रांच्या झगड्यात एकूण विनंत्या निम्म्याहून कमी झाल्या. या पद्धतीला फुल जिटर म्हणतात. पायथॉनमध्ये ती एका ओळीत मावते:

```
wait = random.uniform(0, min(64, 2 ** attempt))
```

`attempt` म्हणजे कितवा फेरप्रयत्न, मोजणी शून्यापासून. `64` ही थांबण्याची कमाल मर्यादा, सेकंदांत. ती नसती तर दुप्पट होत होत बाराव्या फेरीला पल्ला अर्ध्या तासावर गेला असता.

ओळ छोटी असली तरी ती जशीच्या तशी चिकटवून काम भागत नाही. हे पाहायला एक हिशेब घेऊ. समजा, औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ५० शाखा आहेत. मुख्य कार्यालय मालाची यादी आणि दर गूगल शीट्समध्ये ठेवतं. प्रत्येक शाखेतला संगणक दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे १०:००, १०:१५, १०:३० असं घड्याळाच्या ठोक्याला, ती यादी ओढून घेतो. यादी १२ पानांमध्ये विभागलेली असल्याने प्रत्येक शाखा एकामागून एक १२ विनंत्या करते. गूगल शीट्सच्या एपीआयवर एका प्रोजेक्टला मिनिटाला ३०० वेळा वाचण्याची मुभा आहे, आणि त्यातल्या एका वापरकर्त्याला मिनिटाला ६०. प्रत्येक शाखेचं खातं वेगळं, त्यामुळे ६० ची मर्यादा कुणालाच आड येत नाही. ३०० ची मात्र येते.

१०:०० वाजता ५० शाखा एकदम सुरू होतात. प्रत्येकीची सहा-सहा पानं होईपर्यंत ३०० विनंत्या संपतात; याला काही सेकंद पुरतात. सातव्या पानाला सगळ्याच शाखांना `429` मिळतो. प्रोग्रॅममध्ये बॅकऑफ आहे पण जिटर नाही, आणि पाच फेरप्रयत्नांनंतर सोडून द्यायचं असं ठरलेलं आहे. मग ५० शाखा एका सेकंदाने परत येतात, त्यानंतर दोन, चार, आठ आणि सोळा सेकंदांनी. ही बेरीज ३१ सेकंद होते. कोटा तर मिनिटाला एकदा भरतो. म्हणजे पाचही प्रयत्न त्याच रिकाम्या मिनिटात खर्ची पडतात, २५० विनंत्या नाकारल्या जातात आणि पन्नासही शाखा हार मानतात. ३१ सेकंदांनंतर सगळं शांत होतं. १०:०१ ला भरलेला नवा कोटा घ्यायला मात्र कुणीच उरलेलं नसतं.

बाहेरून याचं लक्षण विचित्र दिसतं. दुकानातल्या माणसाला सिंक बंद पडल्याचं कळतच नाही, कारण पहिल्या सहा पानांवरचे दर ताजे असतात. जुने असतात ते सातव्या पानापासूनचे, आणि सगळ्या शाखांमध्ये, दर वेळी तेच. अशी तक्रार आली की अनुभवी माणूस आधी लॉग उघडून नकारांच्या वेळा पाहतो. 10:00:04, 10:00:05, 10:00:07, 10:00:11 अशा मोजक्या सेकंदांवर पन्नास-पन्नास नोंदी एकावर एक रचलेल्या दिसल्या, तर जिटर नाही हे ओळखायला आणखी पुरावा लागत नाही.

आता इथे वरची ओळ घातली तर? नकार विखुरतात, पण एक नवी अडचण पुढे येते. शून्य ते पल्ला यांतला कुठलाही वेळ निवडायचा, म्हणजे सरासरी पल्ल्याच्या निम्मा. पाच फेऱ्यांची सरासरी बेरीज ३१ वरून साडेपंधरा सेकंदांवर येते. शाखा आधीपेक्षाही लवकर हार मानतात! फेऱ्या सातपर्यंत वाढवल्या तर पल्ल्यांची बेरीज १२७ आणि सरासरी साडेत्रेसष्ट सेकंद. तरीही हे सरासरीचं गणित आहे. ज्या शाखांच्या वाट्याला लहान आकडे येतील त्या मिनिट उलटण्याआधीच बाद होतील. म्हणून इथे प्रयत्नांची संख्या ठरवण्यापेक्षा मुदत ठरवलेली बरी: कमाल ६४ सेकंदांचा पल्ला ठेवून पाच मिनिटांपर्यंत प्रयत्न करत राहायचं. पुढच्या मिनिटात उरलेल्या ३०० विनंत्यांना जागा आहे, आणि शाखा पांगून येत असल्याने त्या तिथे किंवा त्याच्या पुढच्या मिनिटात मावतात. थांबण्याचा काळ कोट्याच्या खिडकीशी ताडून पाहणं, हे काम आयत्या ओळीच्या भरवशावर बहुतेक जण सोडून देतात.

खुद्द गूगलच्या मार्गदर्शिकेत थोडं वेगळं सूत्र आहे: दुप्पट होत जाणारा ठरावीक वेळ, आणि त्यात एक सेकंदापर्यंतची यादृच्छिक भर. एकट्या प्रोग्रॅमला ते चांगलं चालतं. पण पन्नास शाखा एकदम अडल्या असतील, तर सहाव्या फेरीआधी त्या सगळ्या ३२ ते ३३ सेकंद थांबणार. गर्दी एका क्षणातून काही सेकंदांत पसरली इतकंच. मोठ्या ताफ्यासाठी जिटरचा पल्लाही मोठा हवा.

काही सर्व्हर नकारासोबत किती थांबायचं हेही सांगतात. उत्तरात `Retry-After: 30` असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीस सेकंदांनी या. तिथे कधी सेकंदांऐवजी पूर्ण तारीख-वेळही असते, आणि प्रोग्रॅमला दोन्ही वाचता यायला हवं. अशी सूचना मिळाल्यावर स्वतःचा अंदाज बाजूला ठेवायचा, कारण सर्व्हरला आपल्या गर्दीची जास्त माहिती आहे. तरी ती तंतोतंत पाळण्यातही धोका आहे. पन्नास जणांना एकाच वेळी ‘तीस सेकंदांनी या’ सांगितलं आणि पन्नासही बरोबर तिसाव्या सेकंदाला हजर झाले, की पुन्हा तीच गत. म्हणून तीस सेकंद पूर्ण थांबायचं आणि त्यावर आपली चिठ्ठी टाकून आणखी थोडं. सांगितल्यापेक्षा आधी कधीच नाही, नंतर चालेल.

`429` पुन्हा पाठवायला निर्धोक असतो, कारण सर्व्हरने ती विनंती हातातच घेतलेली नसते. उत्तरच न येता वेळ संपली, तर गोष्ट निराळी. शाखा दिवसाची विक्री शीटच्या तळाशी नव्या ओळीने जोडत असेल आणि ओळ जोडली जाऊनही पोच वाटेत हरवली असेल, तर फेरप्रयत्नाने तीच विक्री दोनदा नोंदली जाते. हिशेबात कुठेतरी दुप्पट आकडा लागतो आणि महिनाअखेरीस कुणाची तरी झोप उडते. त्यावर उपाय असा, की प्रत्येक बिलाला ठरलेला क्रमांक द्यायचा आणि लिहिण्याआधी तो आहे का हे पाहायचं, किंवा ओळ जोडण्याऐवजी ठरलेल्या जागी लिहायचं. मग तीच विनंती दहादा गेली तरी निकाल एकच राहतो. आणि `400` किंवा `401` सारखे नकार तर पुन्हा पाठवूच नयेत. विनंतीच चुकीची असेल किंवा ओळखपत्र संपलं असेल, तर तासभर थांबूनही ते बरोबर होणार नाही. `403` मात्र नीट वाचावा लागतो: बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असा असला, तरी गिटहबसारखी सेवा मर्यादा ओलांडल्यावरही कधीकधी तोच क्रमांक देते.

फेरप्रयत्न किती जागी होतात, हेही पाहावं लागतं. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या कामाच्या पद्धतींवरच्या पुस्तकात एक उदाहरण दिलं आहे. एकावर एक तीन थर आहेत आणि प्रत्येक थर अपयश आलं की तीनदा फेरप्रयत्न करतो, म्हणजे एकूण चार प्रयत्न. वरच्या एका क्लिकमागे तळाच्या डेटाबेसवर चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ विनंत्या आदळतात, आणि तेही तो आधीच दमलेला असताना. व्यापाऱ्याच्या उदाहरणातही हे सहज घडू शकतं. गूगलच्या तयार लायब्ररीत फेरप्रयत्नाची सोय असते, तिच्याभोवती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपली सोय गुंडाळलेली असते, आणि त्याहीभोवती ‘काम फसलं तर पुन्हा चालव’ असं सांगून ठेवलेलं वेळापत्रक असतं. यातली एकच जागा ठेवायची, बाकीच्या बंद करायच्या.

पण या व्यापाऱ्याला खरं पाहता बॅकऑफची फारशी गरजच पडायला नको. पंधरा मिनिटांत त्याला ४५०० विनंत्यांची मुभा आहे आणि लागतात ६००. कोटा कमी नाही. सगळे एकाच ठोक्याला येतात हे दुखणं आहे. म्हणून जिटर नकारानंतर आणण्याऐवजी सुरुवातीलाच आणावा. शाखा क्रमांक १ ने १०:०० ला सुरू करावं, शाखा २ ने अठरा सेकंदांनी, शाखा ३ ने छत्तीस सेकंदांनी. पंधरा मिनिटांत पन्नासही बसतात आणि मिनिटाला सरासरी ४० विनंत्या जातात. शिवाय शीट्सच्या एपीआयमध्ये `batchGet` आहे, त्याने बारा पानं एकाच विनंतीत मागता येतात आणि कोट्यात ती एकच धरली जाते. मग ६०० च्या ५० होतात, आणि सगळ्या शाखा एकाच सेकंदाला आल्या तरी नकार येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. त्याच व्यापाऱ्याने दर ताजे हवेत म्हणून सिंक पंधरा मिनिटांऐवजी दर मिनिटाला लावलं आणि बारा विनंत्या तशाच ठेवल्या, तर मिनिटाला ६०० लागणार आणि ३०० मिळणार. इथे कितीही सुरेख जिटर लावला तरी दर मिनिटाला ३०० विनंत्या मागे राहतात आणि पुढच्या मिनिटाच्या ६०० मध्ये मिसळतात. थांबून कोटा वाढत नाही. असं होतंय हे लॉगमध्ये ओळखता येतं: नकार छान विखुरलेले दिसतात, पण दिवसभर कधीच शून्यावर येत नाहीत, आणि एका सिंकचा वेळ वाढत वाढत दोन सिंकमधल्या अंतराच्या पुढे जातो. जुनं सिंक अजून थांबून थांबून प्रयत्न करत असताना नवं सुरू होतं, आणि एकाच शाखेचे दोन प्रोग्रॅम एकमेकांचा कोटा खाऊ लागतात. त्यासाठी सुरू होताना कुलूप लावायचं: आधीचं काम चालू असेल तर नव्याने गुपचूप मागे फिरायचं आणि आपली पाळी सोडून द्यायची. एवढं करूनही पाळ्या सुटतच राहिल्या, तर विनंत्या कमी कराव्या लागतात, सिंकमधलं अंतर वाढवावं लागतं, नाहीतर गूगलकडे जास्त कोट्यासाठी अर्ज करावा लागतो.